ठरावीक तुकडे की मजकुरावरून तुकडे?

ऐरोलीतली मैत्रीण ऑफिससाठी फाइल सिंक सेवा बांधतेय. फाइलचे तुकडे कसे पाडायचे, इथे ती अडलीय.

पहिला पर्याय: दर 4 एमबीला सरळ काप. तुकड्याचा SHA-256 हॅश, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेला ठसा, सर्व्हरवर आधीच असेल, तर तुकडा पाठवायचाच नाही. दुसऱ्या पर्यायात लागोपाठच्या थोड्या बाइटांवरून काढलेला रोलिंग हॅश एकेक बाइट पुढे सरकतो आणि त्याचे शेवटचे 22 बिट शून्य आले की काप. सरासरी तुकडा इथेही साधारण 4 एमबीचाच.

आता 400 एमबीच्या सीएसव्ही फाइलच्या सुरुवातीला एक ओळ घाला. सरळ कापात पुढचं सगळं सरकतं, शंभरही हॅश बदलतात आणि अख्खी फाइल पुन्हा चढते. दुसऱ्या पद्धतीत सीमाही मजकुराबरोबर सरकतात, त्यामुळे बहुधा पहिला तुकडाच जातो.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. शिवाय किमान-कमाल आकार बांधावा लागतो, नाहीतर नुसत्या शून्यांच्या पट्ट्यात काप कधीच येत नाही किंवा प्रत्येक बाइटला येतो.

झिप किंवा डॉक्समध्ये मात्र फारसा फरक दिसणार नाही. कॉम्प्रेशनमुळे बदलानंतरचे बाइट बहुधा वेगळेच निघतात.

दोघांनी एकाच आवृत्तीवर काम केलं, तर दोन्ही पद्धती सारख्याच हतबल. अपलोडसोबत मूळ आवृत्तीचा क्रमांक पाठवायचा. तो जुना निघाला तर दुसरी प्रत वेगळ्या नावाने ठेवायची.

फोटो, व्हिडिओ, जागच्या जागी बदलणाऱ्या डिस्क इमेज असतील तर सरळ काप घ्या. मोठ्या मजकूर फाइल किंवा रोजचे टार बॅकअप असतील तर दुसरा. मैत्रिणीकडे बहुतेक पीडीएफ आहेत, आणि त्यांच्या आतही बहुधा कॉम्प्रेशन असतंच. मी तिला पहिलाच सांगितला.