मायच्या सोन्याची वाटणी: वजनावर, किमतीवर की आठवणीवर?

मायचं वर्षश्राद्ध झालं त्या रात्री अमळनेरच्या घरी आम्ही तिघं भावंडं तिचा डबा उघडून बसलो. मी थोरला, मधली बहीण शिरपूरला दिलेली, धाकटा भाऊ पुण्याला. घरातल्या लहान काट्यावर एकेक डाग तोलला आणि सगळं मिळून १२० ग्रॅम भरलं. मीच म्हणालो, चाळीस-चाळीस करू, कुणाचं मन दुखायला नको. चार बांगड्या माझ्याकडे आल्या, मायचे गोठ बहिणीने मागून घेतले, आणि पोत, चेन, अंगठी धाकट्याकडे गेली. तिघांचे चाळीस जुळले आणि आम्ही शांत झोपलो.

पुढे आखाजीच्या तोंडावर बहीण गोठांचा फास नीट करायला एका सराफाकडे गेली. त्याने गोठ हातात झुलवून सांगितलं, ताई, यात आतून लाख भरलीय. त्या आखाजीला ती माहेरी आली नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "भाऊ, मी मांगी लिन्हं म्हनीसन तुम्हीन गप्प ऱ्हायनात का?" तिने गोठ आपणहून मागितले म्हणून आम्ही मुद्दाम गप्प बसलो, असं तिला वाटलं होतं. मला खरंच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घेणं माझं काम होतं. आम्ही ती वाटणी मोडून पुन्हा केली. तुम्ही असाच डबा समोर घेऊन बसणार असाल, तर त्याच १२० ग्रॅमवर वेगवेगळ्या पद्धती ताडून दाखवतो.

पहिली पद्धत ढोबळ वजनाची. काटा कुणालाही वाचता येतो, म्हणून ती सगळ्यांना पटते. पण काटा सोन्याबरोबर लाख, काळे मणी, दोरा आणि खडेही तोलतो. जुने गोठ, तोडे, बोरमाळेचे मणी पुष्कळदा आतून पोकळ असतात आणि चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरलेली असते. वरून ते भरीव दिसतात. घरी अंदाज घ्यायचा असेल तर डाग आधी कोरडा तोला. मग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात टांगता ठेवा आणि तोला. भरीव सोन्याच्या ४० ग्रॅमच्या डागाचं वजन पाण्यात सव्वादोन-अडीच ग्रॅमच घटतं. आमचे गोठ जवळपास बारा ग्रॅमनी घटले. सोनं जड आणि लाख पाण्यापेक्षा जेमतेम जड, म्हणून हा फरक पडतो. मोती किंवा दोऱ्यात ओवलेले डाग मात्र असे पाण्यात घालू नका.

दुसरी पद्धत शुद्ध सोन्याची, म्हणजे निव्वळ वजन गुणिले टंच. आधी लाख, मणी, खडे वजा करायचे, मग उरलेल्यात खरं सोनं शेकडा किती ते काढायचं. २२ कॅरेटचा टंच ९१.६, १८ कॅरेटचा ७५. हॉलमार्क असेल तर डागावर ९१६ असा आकडा असतो आणि नव्या डागांवर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडीही असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकून पडताळता येतो. जुन्या डागांवर यातलं काही नसतं. तेव्हा आम्ही तिघं मिळून जळगावला गेलो आणि एकाच दिवशी, एकाच काट्यावर, एकाच मशीनवर सगळं तपासून घेतलं. तिघांसमोर जे निघालं ते असं:

| वाटा | ढोबळ वजन | निव्वळ वजन | टंच | शुद्ध सोनं |
|---|---|---|---|---|
| मी: चार बांगड्या | ४० ग्रॅम | ४० | ९१.६ | ३६.६४ |
| बहीण: गोठ | ४० ग्रॅम | २९ | ८५ | २४.६५ |
| धाकटा: पोत | २२ ग्रॅम | १८ | ८८ | १५.८४ |
| धाकटा: चेन | १० ग्रॅम | १० | ९१.६ | ९.१६ |
| धाकटा: अंगठी | ८ ग्रॅम | ७ | ८० | ५.६० |

एकूण शुद्ध सोनं ९१.८९ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ३०.६३. धाकट्याचं ३०.६० भरतं, त्याचा वाटा नकळत बरोबर आला होता. माझ्याकडे सहा ग्रॅम जास्त आणि बहिणीकडे सहा ग्रॅम कमी. ज्या वाटणीवर आम्ही शांत झोपलो होतो, तिच्यात बहिणीचा जवळजवळ पाचवा हिस्सा माझ्या कपाटात होता.

मशीनचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. ते फक्त वरचा थर वाचतं. मुलामा असेल तर आकडा चढतो आणि सांध्यातला डाक वाचला गेला तर उतरतो. एकाच डागावर तीन-चार ठिकाणी लावायला सांगा. आकडे फार वेगळे आले तर जाणत्या सोनाराकडून कसोटीवर कस लावून घ्या. लाखेचं वजन तर डाग तापवून लाख काढल्याशिवाय नेमकं कळतच नाही, आणि तसं केलं की जुनं काम बिघडतं. आमचे ११ ग्रॅम सोनाराचा अंदाज आणि पाण्यातलं वजन जुळवून धरलेले आहेत. अर्धा ग्रॅम इकडेतिकडे असेल, हे आधीच एकमेकांना बोलून ठेवलं. मजुरी मात्र वाटणीत धरू नका. मायने कधी काळी दिलेली घडणावळ मोडीत परत मिळत नाही.

तिसरा मार्ग, सगळं मोडून पैसे वाटायचे. हिशोब सर्वांत स्वच्छ, आणि भावंडांचं आपसात बोलणंच उरलं नसेल तर मी हाच सुचवीन. एरवी नाही. वितळवताना घट येते, जुन्या डाकामुळे टंच आणखी उतरतो, आणि विक्रीच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. वारसा मिळताना कर नसतो, पण विकताना मूळ खरेदी आईची धरली जाते. २००१ पूर्वीचा डाग असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. उरलेल्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के. आणि उद्या तेच सोनं पुन्हा घ्यायला गेलात तर नवी मजुरी आणि तीन टक्के जीएसटी वेगळा.

आता आठवण. बहीण पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होती, "माले पैसा नको, मायना गोठ दे." आखाजीला ती माहेरी यायची तेव्हा झोका देणाऱ्या मायच्या हातात तेच गोठ असायचे. त्यांच्या आतल्या कडेला, जिथे ते मनगटावर घासायचे, तिथली नक्षी पार झिजून गुळगुळीत झालीय. बहीण अंगठा फिरवते ती तिथेच. आपल्याकडे पुष्कळ घरांत इथेच चूक होते. तिला गोठ हवेत ना, मग कमी सोनं गेलं तरी तिची तक्रार नाही, असं भाऊ धरून चालतात. जिव्हाळ्याची वस्तू मागणं म्हणजे वाट्यातलं सोनं सोडणं नव्हे. डाग हवा त्याला द्यावा, तो त्याच्या शुद्ध सोन्याच्या वजनानेच त्याच्या नावावर मांडावा, आणि तूट दुसरीकडून भरावी.

हे सोपं व्हावं म्हणून तोलण्याच्याही आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच डाग लिहावा, दुसऱ्याला न दाखवता. आम्ही दुसऱ्या खेपेला हे केलं. बहिणीने गोठ लिहिले, धाकट्याने पोत, मी काहीच लिहिलं नाही. दोघांनी एकच डाग लिहिला असता तर बंद पाकीट. पोत १५.८४ ग्रॅमची आहे. एकाने "मी १७ ला धरतो" लिहिलं आणि दुसऱ्याने १८, तर ती १८ वाल्याला जाते आणि वरचे दोनेक ग्रॅम सगळ्यांच्या हिशोबात मिसळतात. हे गणित चोख आहे, पण हातात पैसा असलेला भाऊ त्यात नेहमी जिंकतो. भावंडांची ऐपत फार वेगळी असेल तर त्यापेक्षा पाळी लावा, आणि पहिली पाळी कुणाची एवढ्यापुरती चिठ्ठी टाका. सरसकट सगळ्या डागांवर चिठ्ठ्या टाकणं मला पटत नाही. ज्याला जे नको तेच त्याच्या हाती येतं.

हिस्सेदार कोण, हे तोलण्यापूर्वी ठरलेलं असावं. आई हिंदू असेल आणि मृत्युपत्र न करता गेली असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मुलगे, मुली आणि नवरा यांचा समान वाटा असतो. आधी गेलेल्या भावाची किंवा बहिणीची मुलं त्यांच्या जागी बसतात. सुनेला स्वतःचा म्हणून वाटा नसतो. लॉकरला ज्याचं नॉमिनेशन आहे तो त्यामुळे मालक होत नाही. "बहिणीला लग्नात दिलंच होतं" हे वाक्य निघालं तर मायने सुनांच्या अंगावर घातलेलंही मोजायला घ्यावं लागेल. माझं मत, दोन्ही सोडून द्यावं आणि डब्यात उरलं तेवढंच वाटावं.

राहिला सहा ग्रॅमचा हिशोब. हिशोबापुरता शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला १ लाख धरला तर मी बहिणीला ६०,००० रुपये देणं लागत होतो. पैसे त्याच दिवशी देणार असाल तर रुपयांत मिटवा, भाव सगळ्यांसमोर ठरलेला असतो. "दिवाळीला देतो" म्हणणार असाल तर देणं ग्रॅममध्येच लिहा. रुपयांत लिहिलं आणि मध्ये भाव चढला की बहिणीचं सोनं तेवढ्यानं घटतं, उतरला तर भावाला वाटतं आपण जास्त मोजले. त्यातून पुन्हा बोलाचाली. एक बांगडीही देता आली असती, पण तिच्यात ९.१६ ग्रॅम शुद्ध सोनं, मग बहिणीलाच मला परत द्यावं लागलं असतं.

मी २४ कॅरेटची दोन नाणी घेतली, एक पाच ग्रॅमचं आणि एक एक ग्रॅमचं. त्यावरचा जीएसटी माझा. मग एका कागदावर तारीख, वर दिलेला तक्ता, कुणाला कोणता डाग गेला आणि सहा ग्रॅम पोचले हे लिहून तिघांनी सह्या केल्या, तिघांकडे एकेक प्रत. वाटणीत घर-शेत नसल्याने नोंदणीची गरज पडली नाही. बहिणीने नाणी पदरात बांधली आणि गोठ सोनाराकडे फास नीट करायला दिले. त्याला दोनदा बजावलं, आतली लाख काढू नको आणि कडेला पॉलिश मारू नको.