ओळख, विचार की खरेदी : फनेलच्या कुठल्या टप्प्यावर आधी जोर द्यावा?

मार्केटिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात फनेलचं, म्हणजे अनोळखी माणूस गिऱ्हाईक होईपर्यंतच्या वाटेचं, चित्र येतं तेव्हा तिन्ही टप्पे सारख्याच महत्त्वाचे वाटतात. वर ओळख, मध्ये विचार, खाली खरेदी. एल्मो लुईस यांच्या नावावर सांगितलं जाणारं १८९८ सालचं सूत्रही याच चालीचं आहे : आधी लक्ष, मग रस, मग इच्छा, शेवटी कृती. व्याख्या तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. प्रत्यक्षात हातात थोडेच पैसे असतात आणि ते आधी कुठे घालायचे, हे ठरवावं लागतं. मला ते ठरवावं लागलं. मामांची देवगडजवळ हापूसची बाग आहे आणि पुण्यातली विक्री मी बघतो.

तिन्ही टप्प्यांतला खरा फरक गिऱ्हाईक काय विचारतं त्यात दिसतो. वरच्या टप्प्यावर ते काहीच विचारत नाही, कारण त्याला आपण माहीतच नसतो. तिथे झाडावरचा मोहर, उतरवलेल्या आंब्यांचा ढीग, बागेचं आणि गावाचं नाव एवढं पुरतं. मधल्या टप्प्यावर प्रश्न संशयाचे असतात : 'खरंच देवगडचा ना?', 'पावडर मारून पिकवता का?', 'साका निघाला तर?' खालच्या टप्प्यावरचे प्रश्न अगदी कामाचे असतात : 'पैसे कुठे पाठवू?', 'पेटी शुक्रवारी मिळेल का?', 'अक्षय्य तृतीयेपर्यंत पिकेल ना?' माणूस तोच असला, तरी पंधरा दिवसांत त्याची गरज तीनदा बदलते. म्हणून एकच मेसेज तिन्ही टप्प्यांवर चालत नाही.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो मधल्या टप्प्यावर. पहिल्या हंगामात मी एका आठवड्यात जाहिरातीला सहा हजार रुपये घातले. व्हिडिओ पस्तीसेक हजार लोकांपर्यंत गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर शंभरेक मेसेज आले आणि ऑर्डरी आल्या आठ. मेसेज बहुतेक एकाच छापाचे : 'पेटी केवढ्याला?' मी भाव सांगायचो, समोर दोन निळ्या टिका उमटायच्या आणि मग काहीच नाही. रोज रात्री ते बंद पडलेले संवाद बघताना फार वाईट वाटायचं, कारण आंबा चांगला होता हे मला माहीत होतं.

मला वाटलं, भाव जास्त होतोय. म्हणून गप्प झालेल्या सगळ्यांना दहा टक्के सूट कळवली. ऑर्डरी दोनच वाढल्या, पण उत्तरं बरीच आली, आणि त्यांतलं एक मी आजही विसरलेलो नाही : 'एवढा स्वस्त कसा देताय? कर्नाटकचा तर नाही ना?' सूट हा खालच्या टप्प्यावरचा मेसेज आहे. ज्याचं घ्यायचं ठरलंय आणि जो उद्यावर ढकलतोय, त्याला ती हलवते. ज्याचा अजून विश्वासच बसलेला नाही, त्याचा संशय ती वाढवते. हापूसच्या बाबतीत तर हे जास्तच खरं, कारण दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे प्रत्येक घरात माहीत असतं.

मामांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "लोकांका आंबो कापून दाखय, मगे भाव सांग."

मग मी भावाच्या आधी तीन गोष्टी पाठवायला लागलो. पहिली, त्या आठवड्याच्या पेटीतला आंबा कापतानाचा छोटा व्हिडिओ. त्यात सालीची जाडी आणि गराचा केशरी रंग दिसायचा. दुसरी, पेंढ्यातल्या आढीचा फोटो आणि दोन ओळी : कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, आम्ही पेंढ्यात पिकवतो. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उल्लेखही होता. पण त्याने फारसा फरक पडला असं वाटत नाही, कारण मानांकन अख्ख्या कोकणपट्टीचं आहे आणि विचारणाऱ्याला माझ्या पेटीबद्दल खात्री हवी असते.

तिसरी गोष्ट साक्याची, आणि माझ्या मते काम तिनेच केलं. साका बाहेरून कळत नाही. फळ निर्दोष दिसतं, कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस निघतो. 'आमच्याकडे साका नाहीच' असं लिहिणारे बरेच आहेत. मी लिहिलं : 'साका कुठल्याही बागेत निघू शकतो. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या खेपेत देतो.' यानंतर लोक थांबून पुढचं विचारायला लागले.

त्या आठवड्यात खर्च तेवढाच केला, मेसेज नव्वदच्या आसपास आले, ऑर्डरी एकवीस. आधी एका ऑर्डरमागे साडेसातशे रुपये जात होते, ते तीनशेच्या आत आले. याला मी पुरावा म्हणणार नाही. अक्षय्य तृतीया जवळ आली होती, भावही थोडा उतरला होता, त्यामुळे सगळं श्रेय मेसेजला देता येत नाही. पण विचारणारे जवळपास तेवढेच असताना घेणारे वाढले, म्हणजे गळती वर नव्हती, एवढं नक्की म्हणता येईल.

तुमच्या प्रोजेक्टमध्येही गळती याच पद्धतीने शोधता येईल. पाहणारे, विचारणारे आणि घेणारे असे तीन आकडे एकाखाली एक मांडा. पाहणारे भरपूर आणि विचारणारे नगण्य असतील, तर वरचा मेसेज चुकतोय किंवा तो भलत्याच लोकांना दिसतोय. विचारणारे भरपूर आणि घेणारे थोडे असतील, तर संवाद उघडून शेवटचा मेसेज वाचा. तुम्ही भाव सांगितल्यावर शांतता असेल, तर मधल्या टप्प्यावर शंका शिल्लक आहे. 'हो, घेतो' म्हणून माणूस हरवला असेल, तर दोष खाली आहे. आमच्याकडे तोही सापडला : पैसे भरायचा क्यूआर कोड मी दुसऱ्या दिवशी पाठवायचो. तोवर ते दुसरीकडून पेटी घेऊन मोकळे होत. हो म्हणणाऱ्याला बागेची गोष्ट नको असते, त्याला कोड, पोहोचायचा वार आणि पत्ता पाठवण्याची सूचना लगेच हवी असते.

तेव्हा माझा कल मधल्या टप्प्याकडे आहे, पण तो सगळीकडे लागू होईल असं मी म्हणणार नाही. पाच रुपयांचं बिस्किट घेताना कोणी पुरावा मागत नाही. तिथे नाव ओळखीचं असणं आणि पुडा दुकानात समोर असणं यावरच सारं ठरतं, मधला टप्पा जवळजवळ उरतच नाही. उलट वस्तू महाग असेल, वर्षातून एकदाच घेतली जात असेल आणि तिचा दर्जा घरी नेल्यावरच कळत असेल, जसा हापूस किंवा एखादा क्लास, तर मी पहिले पैसे मध्येच घालीन. यंदा मी वरच्या व्हिडिओचा खर्च निम्मा केलाय आणि दर खेपेला एक पेटी वेगळी काढून ठेवलीय, कापून दाखवायला.