अल्फा कमी आला: विधान गाळायचं, उलटायचं, वाढवायचं की मोजपट्टी फोडायची?

प्रश्नावलीचा डेटा भरून झाला, एसपीएसएसमध्ये विश्वसनीयता तपासली आणि क्रॉनबॅकचा अल्फा आला ०.४४. गाईडना तर ०.७० हवाय. अशा वेळी बहुतेकांची नजर थेट आउटपुटच्या शेवटच्या रकान्यावर जाते, `Cronbach's Alpha if Item Deleted`. कुठलं विधान काढलं की आकडा किती होईल, हे तिथे आयतंच मिळतं. एक विधान उडवायचं, आकडा वर चढवायचा आणि पुढच्या प्रकरणाला लागायचं.

माझ्या मते हा रकाना सगळ्यात शेवटी बघावा. अल्फा कमी यायची कारणं निरनिराळी असतात आणि एका कारणावरचा इलाज दुसऱ्या ठिकाणी घात करतो. ते का, हे सूत्रातच दिसतं. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली अल्फा मांडला. त्याआधीचं कुडर आणि रिचर्डसन यांचं १९३७ चं सूत्र फक्त बरोबर-चूक अशा दोन पर्यायांच्या प्रश्नांना चालायचं. अल्फा कितीही पर्यायांच्या विधानांना लागू पडतो. सगळ्या विधानांचं प्रचरण सारखं धरलं, तर तो असा लिहिता येतो:

```
α = k·r / (1 + (k − 1)·r)
```

`k` म्हणजे विधानांची संख्या आणि `r` म्हणजे विधानांच्या प्रत्येक जोडीतल्या सहसंबंधांची सरासरी. बस, एवढ्या दोनच गोष्टी. अल्फा कमी आला याचा अर्थ एकतर विधानं थोडी आहेत किंवा सरासरी सहसंबंध खाली आहे. आणि सरासरी खाली असण्याचीही दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात: कुठल्यातरी विधानाचं चिन्ह उलटं आहे, किंवा विधानांत मुळातच दोन गट आहेत.

नोकरीतल्या समाधानाची प्रश्नावली घेऊ. पाच पर्याय, ‘पूर्ण असहमत’ म्हणजे १ आणि ‘पूर्ण सहमत’ म्हणजे ५. आकडे मी समजायला सोपे पडावेत म्हणून मुद्दाम सरळ घेतले आहेत, पण गणित खरं आहे.

| स्थिती | आलेला अल्फा | एक विधान गाळलं तर | नेमका इलाज केला तर |
|---|---|---|---|
| ६ विधानं, एक उलट्या अर्थाचं | ०.४४ | ०.७३ | ०.७६ (गुण उलटवून) |
| ६ विधानं, आत ३-३ चे दोन गट | ०.६४ | ०.६० | प्रत्येक गटाचा ०.७५ |
| एकाच विषयाची फक्त ३ विधानं | ०.५६ | ०.४६ | ०.७२ (विधानं ६ करून) |

पहिली ओळ जरा सावकाश बघू, कारण फसगत इथेच जास्त होते. सहा विधानांपैकी पाच ‘मला माझं काम आवडतं’ या धाटणीची आहेत. चौथं आहे: ‘सकाळी कामाला जायचं म्हटलं की जिवावर येतं.’ समाधानी माणूस बाकी विधानांना ४-५ देईल आणि इथे १-२. गुण न उलटवता डेटा तसाच गणितात गेला, तर पंधरा जोड्यांपैकी दहांचा सहसंबंध ०.३५ आणि चौथ्या विधानाच्या पाच जोड्यांचा −०.३५ असा येतो. पाच उणे जोड्या पाच अधिक जोड्यांना खाऊन टाकतात, सरासरी ०.१२ च्या आसपास घसरते आणि अल्फा ०.४४ वर येतो.

आता तो शेवटचा रकाना काय म्हणतो? चौथं विधान काढा, अल्फा ०.७३ होईल. ०.७० ची रेघ ओलांडली, सगळे खूश. पण जे विधान फेकलं ते उत्तम होतं. गुण उलटवले असते तर सहाही विधानं राहून अल्फा ०.७६ झाला असता. शिवाय डोळे मिटून सगळीकडे ‘सहमत’वर टिक करणाऱ्यांना पकडायची तीच एक जागा होती.

हे ओळखायचं कसं? शेजारच्याच `Corrected Item-Total Correlation` या रकान्यात. एका विधानाचे गुण बाकी सगळ्यांच्या बेरजेशी कितपत जुळतात, ते तिथे असतं. आपल्या उदाहरणात चांगल्या विधानांपुढे ०.४१ ते ०.४२ दिसेल आणि चौथ्यापुढे −०.५१. निरुपयोगी विधानाचा आकडा शून्याजवळ घुटमळतो. ठळक उणे आकडा आला तर ते विधान बाकीच्यांशी पक्कं बांधलेलं आहे, फक्त उलट्या दिशेने. आर वापरणाऱ्यांसाठी इलाज एका ओळीचा आहे:

```r
library(psych)
lowerCor(d)        # आधी सहसंबंध
d$q4 <- 6 - d$q4   # १–५ ची श्रेणी, म्हणून ६ मधून वजा
alpha(d)
```

`psych` मध्ये `check.keys = TRUE` दिलं की उलटी वाटणारी विधानं ते आपणहून उलटवतं. सोयीचं आहे, पण मी ते टाळतो. कुठलं विधान उलट्या अर्थाचं आहे, हे त्याच्या शब्दांवरून ठरवायचं असतं. शब्द सरळ असूनही सहसंबंध उणा येत असेल, तर डेटा भरताना काहीतरी गडबड झाली आहे किंवा लोकांनी विधान वेगळ्याच अर्थाने घेतलं आहे. अशा वेळी ते उलटवणं म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं.

दुसरी ओळ जास्त फसवी, कारण तिथे ‘दोषी’ सापडतच नाही. समजा सहापैकी तीन विधानं कामाच्या स्वरूपाबद्दल आहेत आणि तीन पगाराबद्दल. गटाच्या आत सहसंबंध ०.५०, दोन गटांमध्ये जेमतेम ०.०५. काम आवडतं पण पगार परवडत नाही असे लोक असतातच, त्यामुळे हे चित्र अगदी शक्य आहे. सरासरी होते ०.२३ आणि अल्फा ०.६४. शेवटच्या रकान्यात सहाही विधानांपुढे ०.६० दिसतं, म्हणजे काहीही काढा, आकडा खालीच जाणार. इथे पुष्कळ जण नवीन विधानं घालून बघतात, आणि मग खरी गंमत होते. अशाच रचनेची बारा विधानं केली, सहा कामाची नि सहा पगाराची, तर अल्फा थेट ०.८० होतो! दोन गट जिथल्या तिथे आहेत, त्यांच्यातलं नातंही तेवढंच कच्चं आहे, तरी आकडा देखणा. म्हणून अल्फा चांगला आला म्हणजे मोजपट्टी एकच गोष्ट मोजते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अशी शंका आली की सहसंबंधांची सारणी छापून काढावी आणि विधानं गटवार लावून बघावीत. ०.५० चे दोन चौकोन आणि मध्ये ०.०५ चं ओसाड रान, हे साध्या डोळ्यांनीही दिसतं. विधानं जास्त असतील तर घटक विश्लेषण करावं. मग दोन उपमोजपट्ट्या करायच्या, प्रत्येकीचा अल्फा वेगळा द्यायचा (इथे तीनच विधानांवर ०.७५ येतो) आणि पुढच्या विश्लेषणातही दोन वेगळी चलं वापरायची. अल्फा वेगळे दाखवून एकूण बेरीज मात्र एकच वापरली, तर फोडण्याला काही अर्थ उरत नाही.

तिसऱ्या ओळीबद्दल फार सांगायला नको. तीन विधानं आणि सहसंबंध ०.३० असेल तर अल्फा ०.५६ येणारच, त्यात विधानांचा दोष नाही. त्याच दर्जाची पाच केली तर ०.६८, सहा केली तर ०.७२. अडचण एवढीच की डेटा गोळा झाल्यावर हे करता येत नाही. पायलटच्या टप्प्यावर असाल तर हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण ‘माझं काम मला आवडतं’, ‘मला माझं काम प्रिय आहे’ असं एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलं, तर अल्फा फुगतो आणि मोजण्याचा आवाका आकसतो.

मग गाळणं कधीच योग्य नाही का? आहे. बेरजेशी सहसंबंध ०.२० च्याही खाली असेल आणि विधान पुन्हा वाचल्यावर दोषही दिसत असेल, तर जरूर काढावं. ‘माझे वरिष्ठ आणि सहकारी सहकार्य करतात’ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. वरिष्ठ चांगले आणि सहकारी वाईट असतील, तर माणसाने टिक कुठे करायची? दोष फक्त आकड्यात दिसतो आणि शब्दांत काहीच सापडत नाही, तेव्हा मी विधान ठेवतो. नमुना लहान असेल तर हे सहसंबंध दुसऱ्या नमुन्यात सहज इकडचे तिकडे होतात. एकाच डेटावर विधानं गाळत गाळत चढवलेला अल्फा पुढच्या डेटात बहुधा खाली येतो.

हल्ली ‘अल्फा सोडा, ओमेगा द्या’ असाही सल्ला मिळतो. तत्त्व म्हणून तो बरोबर आहे. सगळी विधानं मूळ गोष्टीशी सारख्याच प्रमाणात जोडलेली आहेत, असं अल्फा गृहीत धरतो आणि ओमेगा धरत नाही. पण यातून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. चार विधानांचे घटकभार ०.९, ०.८, ०.४ आणि ०.३ इतके विषम असले तरी अल्फा येतो ०.६७ आणि ओमेगा ०.७१. ०.४४ चं दुखणं ओमेगाने बरं होत नाही, आणि दोन गट असताना सगळ्यांचा मिळून एकाच घटकाचा ओमेगा काढणंही चूकच.

शेवटचा पर्याय, कमी आकडा आहे तसा ठेवायचा. तयार, प्रमाणित मोजपट्टी वापरली असेल, गुण उलटवून झाले असतील, गट तपासले असतील आणि तरी ०.५५ च येत असेल, तर मी विधानांना हात लावत नाही. एक काढलं तरी इतर अभ्यासांशी तुलना बिघडते. मात्र त्याची किंमत किती पडते ते लिहावं लागतं. समजा समाधान आणि नोकरीत टिकून राहण्याचा इरादा यांच्यात खरा सहसंबंध ०.४० आहे आणि दुसऱ्या मोजपट्टीची विश्वसनीयता ०.८० आहे. तर आपल्या डेटात तो ०.४० × √(०.५५ × ०.८०), म्हणजे सुमारे ०.२७ इतकाच दिसेल. संबंध ‘सार्थ नाही’ असा निकाल आला, तर तो कच्च्या मोजणीमुळेही असू शकतो, हे चर्चेच्या प्रकरणात यायला हवं. एकेका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा असेल, उदाहरणार्थ निवड किंवा निदान, तर ही सवलत नाही. तिथे ०.७० सुद्धा पुरत नाही, ०.९० च्या पुढची अपेक्षा धरतात.

आणि काही याद्यांना अल्फा लावायचाच नसतो. ‘गेल्या वर्षात बदली झाली का, घरात आजारपण आलं का, कर्ज काढावं लागलं का’ अशा ताणाच्या घटनांची बेरीज करताना बदली झालेल्याच्या घरी आजारपणही आलं असेल, असं मानायला काही आधार नाही. तिथे अल्फा ०.३० आला तरी यादीत बिघाड काहीच नसतो. गाईडनी आकडा मागितलाच, तर अशा यादीसाठी तो का दिला नाही हे पद्धतीच्या प्रकरणात दोन ओळींत लिहून द्यावं.