गुडघ्यातलं इन्फेक्शन: धुवून भागेल की सांधाच बदलावा लागेल?

आईचा गुडघा बदलून 14 महिने झाले होते, मग हळूहळू दुखायला लागला, रात्री जास्त, थोडी सूज, ताप मात्र एकदाही नाही. सर्जननी दोन रस्ते सांगितले. पहिला, सांधा तसाच ठेवून उघडून धुवायचा आणि मधला प्लास्टिकचा लायनर बदलायचा. दुसरा, सगळा सांधा काढून काही महिन्यांनी नवा बसवायचा. पहिलाच हवासा वाटतो, एकच ऑपरेशन, हाड शाबूत.

पण निर्णय होतो तो बायोफिल्मवर. पाण्याच्या टाकीत आतून हात फिरवला की बुळबुळीत थर लागतो ना, तसाच थर जंतू धातूवर करतात, चिकटायला काही तास पुरतात आणि थर पक्का व्हायला काही आठवडे. आतले जंतू जवळजवळ वाढायचेच थांबतात आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात, म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत बरं वाटतं, बंद केल्या की परत सुरू.

म्हणून धुण्याचा रस्ता बहुतेक तेव्हाच चालतो जेव्हा ऑपरेशन होऊन महिनाभरच झालाय, किंवा जुन्या सांध्यात अचानक त्रास सुरू होऊन तीनेक आठवड्यांच्या आत आहे, सांधा ढिला नाही आणि कातडीतून पू वाहत नाही. आईचं दुखणं चार महिन्यांचं होतं.

सांध्यातल्या पाण्याचा रिपोर्ट वाचताना मी फसलो. पांढऱ्या पेशी 9,400, नेटवर शोधलं तर इन्फेक्शनला 50,000 वगैरे, म्हटलं सुटलो. तो आकडा मूळच्या सांध्याचा, बसवलेल्या सांध्यात जुनं इन्फेक्शन असेल तर 3,000 च्या वरच संशय धरतात, आणि आईच्या त्यात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, 86 टक्के होत्या. जंतू वाढवून बघायची टेस्ट, म्हणजे कल्चर, मात्र निगेटिव्ह, कारण आधी एका डॉक्टरांनी पाच दिवस अँटिबायोटिक दिलं होतं!! ते बंद करून दोन आठवड्यांनी परत पाणी काढलं, लॅबला 14 दिवस ठेवायला सांगितलं, तेव्हा स्टॅफ एपिडर्मिडिस नावाचा जंतू सापडला. हा कातडीवरही असतो, एका सॅम्पलवर भरवसा नाही, म्हणून ऑपरेशनमध्ये पाच ठिकाणचे तुकडे पाठवले आणि चारांत तोच निघाला.

एकाच ऑपरेशनमध्ये जुना काढून नवा बसवणं पण असतं, जंतू आधीच माहीत हवा, त्यावर औषध चालायला हवं आणि कातडी-मांस चांगलं हवं. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या इन्फॉर्म ट्रायलमध्ये 18 महिन्यांनी एका टप्प्यात आणि दोन टप्प्यांत सांधा बदललेले पेशंट सारखेच निघाले, पण ती खुब्याची होती, गुडघ्याची नाही. आईची कातडी जुन्या टाक्यांशी फार पातळ झाली होती, म्हणून आम्ही दोन टप्पे घेतले.

आता आत सांध्याची जागा धरून ठेवणारा अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर आहे, सहा आठवडे सलाइनमधून औषध झालं, वॉकरवर पाय जेमतेम टेकवते. हे मधले महिने खरंच जड जातात, घरात दिवसभर माणूस लागतं, तेवढी सोय आधी बघून ठेवा.