आजोबांसाठी घेतलेला चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आजोबांच्या दोन्ही हातांना संधिवात आहे. झिजेचा. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर गाठी आल्यात, पण खरं दुखणं आहे ते अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या जरा वर. बंद पडलेलं घड्याळ, खरखरणारा रेडिओ, मध्येच विझणारी टॉर्च उघडून बसायची त्यांची सवय मात्र सुटलेली नाही, आणि सुटावी असं घरात कुणालाही वाटत नाही. म्हणून वाढदिवसाला पेनाएवढा चार्जिंगचा स्क्रू ड्रायव्हर दिला. सोबत ४ मिलिमीटरच्या छोट्या बिटांचा डबा. पुढे त्यात काही गोष्टींची भर पडली, आणि आज विचाराल तर मी त्या भर पडलेल्या गोष्टींना जास्त गुण देईन.

आधी अंगठ्याचं गणित सांगते, कारण कुठलंही हत्यार घेताना तेच उपयोगी पडतं. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी एखादी वस्तू चिमटीत धरली, की त्या चिमटीच्या जोराच्या साधारण बारापट दाब अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो. म्हणजे टोकाला १ किलो, तर मुळाशी १२ किलोच्या आसपास. निरोगी सांध्याला याचा पत्ताही लागत नाही, पण झिजलेल्या सांध्यात तिथेच कळ येते. त्यामुळे अशा हातांसाठीच्या वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: हिच्यामुळे चिमूट टळते का? ‘हलकी आहे’, ‘ऑटोमॅटिक आहे’ हे सगळं त्यानंतर.

पेनासारख्या स्क्रू ड्रायव्हरने एक चिमूट नक्की टळते. सैल झालेला लांब स्क्रू बाहेर काढताना जे वीस-पंचवीस वेळा बोटांत फिरवावं लागतं, ते काम मोटर करते. आजोबांची सर्वांत जास्त दमछाक इथेच व्हायची, आणि हा फरक पहिल्या दिवसापासून जाणवला. पण अडकलेला स्क्रू पहिल्यांदा हलवायला ही मोटर कुचकामी आहे. अशा पेनांच्या मोटरचा पीळ साधारण ०.२ न्यूटन मीटर असतो. जुन्या, गंजलेल्या स्क्रूला समजा १ न्यूटन मीटर लागतो, तर मोटर ‘घुर्र’ करून थांबते. मग पेन हातानेच पिळायचं. कंपनीही तेच सांगते आणि बहुतेक पेनं हाताचा पीळ सहन करतात. प्रश्न असा, की पेनाचा व्यास १२ ते १६ मिलिमीटर, आणि दुखणाऱ्या हाताला त्याहून वाईट मूठ नाही.

हिशेब सोपा आहे. पीळ म्हणजे जोर गुणिले त्रिज्या. १२ मिलिमीटर जाडीच्या मुठीवरून १ न्यूटन मीटर काढायला कडेवर एकूण १७ किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. मूठ ३० मिलिमीटरची असेल तर ७ किलोहून कमी. आणि ८० मिलिमीटर लांबीची टी आकाराची मूठ असेल तर दोन्ही टोकांवर मिळून अडीच किलो, तेही तळव्याने, बोटांनी नव्हे. म्हणून पेनाच्या जोडीला टी मुठीचा साधा स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याला पाव इंची बिटं लागतात. ४ मिलिमीटरची बिटं बसवायला छोटा अडॅप्टर मिळतो, तो घेतला की एकाच डब्यावर काम भागतं. आता स्क्रू पहिल्यांदा सोडवायचा तो टी मुठीने, उरलेला काढायचा पेनाने, आणि शेवटचं आवळणं पुन्हा टी मुठीने.

पेनावरच्या बटणांबद्दल माझी खरी तक्रार आहे. पुढे-मागे फिरवायची दोन बारीक बटणं, तीही अशा जागी की अंगठ्यानेच दाबावीत, आणि फिरत असेपर्यंत दाबून धरावीत. ज्या सांध्याला आराम द्यायचा त्यालाच कामाला लावलं! आजोबांनी दोन-चार दिवसांत स्वतःच मार्ग काढला. बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळतात ती ग्रिप टेप पेनाच्या अंगावर जाड गुंडाळली, बटणांपुरती जागा मोकळी सोडली, आणि पेन लेखणीसारखं न धरता पूर्ण मुठीत धरायला लागले. बटण आता तर्जनीच्या कडेने दाबतात. विकत घेताना पेन हातात घेऊन एवढं जरूर तपासा, की अंगठ्याशिवाय बटण दाबता येतं का. वस्तूच्या वर्णनात हे कुठेही लिहिलेलं नसतं.

बिटांचा डबा दिसायला फार सुरेख, पण या हातांसाठी शिक्षाच आहे. प्रत्येक बिट घट्ट खाचेत, वरून चुंबक, आणि बाहेर काढायचं ते नखाच्या चिमटीने. त्यांना नेहमी लागणारी बिटं फार तर पाच: दोन-तीन मापांची चौफुलीची आणि दोन चपटी. लाकडाच्या एका ठोकळ्यात ५ मिलिमीटरची भोकं पाडून ती त्यात उभी ठेवली. ४ मिलिमीटरच्या षट्कोनाचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप ४.६ भरतं, त्यामुळे ५ च्या भोकात बिट सैल बसतं. पेनाचं चुंबकी तोंड वरून टेकवलं की बिट आपोआप वर येतं. बोटं लावायची गरजच नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. भेट दिल्यानंतर आठवडाभराने ‘कसं चाललंय?’ म्हणून विचारलं, तर आजोबा म्हणाले, “अगं, स्क्रू निघतो गं झकास. पण तो रेडिओचा डबा धरायचा कुणी?” उजव्या हाताची सोय झाली होती. डावा हात मात्र तसाच रेडिओ आवळून बसलेला, आणि कळ त्याच हातात जास्त येत होती. स्क्रू फिरवताना वस्तू उलट दिशेने फिरू पाहते आणि तिला थोपवायचं काम दुसऱ्या हाताचं. आपल्याला हे दिसतच नाही, कारण तो हात हलत नाही.

म्हणून टेबलावर बसणारा छोटा शिकंजा घेतला, रबरी गालांचा. त्याची दांडी बोटांनी पिळावी लागत नाही, तळव्याने ढकलत फिरवता येते. बैठकीचे दोन प्रकार मिळतात. एक टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचा. तो पक्का बसतो, पण त्याचा तो लहानसा कान दर वेळी आवळणं-सोडणं आजोबांना जमणारं नव्हतं. दुसरा रबरी चकतीचा. टेबलावर ठेवायचा आणि बाजूचा खटका तळव्याने दाबायचा, की हवा निघून तो चिकटतो. आम्ही हाच घेतला. याला गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. सनमायका किंवा काच चालते, रेषा असलेल्या लाकडावर तो धरत नाही. आणि काही तासांनी पकड आपोआप ढिली होते. काम सुरू करण्याआधी शिकंजा एकदा हलवून पाहायचा, एवढी सवय लावून घ्यावी लागली.

एक दुरुस्ती सगळी सांगते म्हणजे कल्पना येईल. जुना रेडिओ, आवाज वाढवायचं बटण फिरवलं की खरखर. प्लग काढला, रेडिओ पालथा करून शिकंज्यात धरला, रबरी गालांमध्ये आणखी एक कापडाची घडी. पाठीमागे चार चौफुली स्क्रू. बिट एक माप लहान असेल तर ते आत बसतं, पण जोर दिला की वर सरकून डोकं खातं. म्हणून आजोबा बिट लावून आधी डावी-उजवीकडे हलवून बघतात. खुळखुळलं तर पुढचं मोठं माप. नीट बसलं की टी मुठीवर तळवा ठेवून शरीराचा भार खाली द्यायचा आणि पाव वेढा फिरवायचा. चौफुली स्क्रूला हा खालचा दाब लागतोच, नाहीतर बिट उसळतं. टेबल थोडं बुटकं असलं की हा भार खांद्यातून येतो, मनगटातून नाही. चारही स्क्रू सैल झाल्यावर पेनाने सरसर बाहेर काढले आणि चुंबकी ताटलीत टाकले. खरखर व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरमधल्या मळाची होती. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, बटण पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे, पुरेसं वाळू दिलं, काम झालं. (त्या डब्याचं फवारायचं बटणही कडकच. ते माझ्याकडून दाबून घेतात.)

स्क्रू परत लावताना मात्र पेन घात करू शकतं. प्लास्टिकच्या खोबणीत जाणारे स्क्रू स्वतःचे आटे स्वतः पाडतात. मोटरने थेट आत घातले तर जुन्या आट्यांवर तिरपे नवीन आटे कापले जातात, आणि दोन-तीन वेळा असं झालं की खोबण निकामी होते. आजोबांची रीत जुनीच आहे: स्क्रू आधी उलटा फिरवायचा, ‘टक’ असा बारीक धक्का जाणवला की तो जुन्या आट्यात उतरला, मग सुलटा. हे ते हातानेच करतात, कारण मोटरच्या थरथरीत तो धक्का कळत नाही. मधले वेढे मोटरने, शेवटचा परत हाताने.

पिस्तुलासारखा मोठा स्क्रू ड्रायव्हर का घेतला नाही, असं काही जणांनी विचारलं. तो मी त्यांना एकदा वापरायला आणून दिला होता. पीळ भरपूर, खटका आख्ख्या बोटाने ओढायचा, म्हणजे अंगठा सुटतो. फर्निचरचे, बिजागऱ्यांचे स्क्रू असतील तर तोच घ्या. पण वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि बारीक कामात ते सगळं मनगटावर तोलून धरावं लागतं. शिवाय घड्याळाच्या किंवा टॉर्चच्या स्क्रूवर एवढा पीळ म्हणजे डोकं तुटायची खात्री.

बॅटरीबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आजोबांच्या वापराला महिन्यातून एखादं चार्जिंग पुरतं. चार्जिंगच्या भोकावर रबराचं घट्ट झाकण होतं, जे नखाने उचकटावं लागे. ते कापून टाकलं.

सकाळी उठल्यावर अर्धा तासभर त्यांची बोटं आखडलेली असतात, तेव्हा ते काही हातात घेत नाहीत. तुमच्या घरी हे आखडणं तासाहून जास्त टिकत असेल, किंवा बोटांची मुळं आणि मनगटं सुजून गरम लागत असतील, तर तो दुसऱ्या प्रकारचा संधिवात असू शकतो. हत्यार विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

काही गोष्टी या सगळ्या सरंजामानेही होत नाहीत. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू त्यातलाच एक. तो फिरवायला जोर जवळजवळ लागतच नाही, पण उचलून भोकावर टेकवायला बोटांची टोकं लागतात, आणि चष्म्याचे बरेचसे स्क्रू चुंबकाला चिकटत नाहीत. तो चष्मा आजोबा मुकाट्याने माझ्या हातात देतात आणि मी बसवत असताना बाजूला उभं राहून सूचना करतात.