सुटा डेव्हलपर घेतला आणि सांध्यावर केस तुटले

ब्लीच केलेल्या केसांची मुळं घरीच करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा, विशेषतः ठाणे स्टेशनच्या बाजारातून सामान आणत असाल तर.

दर पाच आठवड्यांनी सव्वा-दीड सेंटिमीटर काळं दिसायला लागलं की मी टचअप करते. आधी जुन्या, ब्लीच झालेल्या केसांना जाड कंडिशनर थापते. त्या केसांत आता दम उरलेला नसतो. तिथे पुन्हा ब्लीच लागलं की ते तुटतातच. मग पातळ भांग पाडत फक्त नव्या वाढीवर ब्रश फिरवते आणि जुन्या-नव्याच्या सांध्याआधी दोन-तीन मिलिमीटर थांबते, कारण मिश्रण फुगून तेवढं अंतर स्वतःच भरून काढतं. पावडर नेहमीचीच, डेव्हलपर २० व्हॉल्यूमचा, म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड. टाळूच्या उबेने काम आपोआप जोरात होतं, त्यामुळे मुळांना याहून कडक लागत नाही.

या वेळी दुकानदार म्हणाला, "ताई, सीलबंद कशाला घेता? हाच माल सुटा देतो, १२० रुपये वाचतील." मोठ्या कॅनमधून साध्या बाटलीत ओतून त्याने मार्करने २० लिहून दिलं. बिल दिलं नाही, मीही मागितलं नाही.

दहा मिनिटांत टाळू तापली. कानामागे पाहिलं तर मिश्रण फेसासारखं फुगून सांध्यापलीकडे बोटभर सरकलं होतं. तशीच उठले आणि गार पाण्याखाली डोकं धरलं. धुतल्यावर तिथला एक ओला केस हलकेच ओढला. तो रबरासारखा लांबला, परत आखडलाच नाही, आणि तुटला. नुसता कोरडा झालेला केस असा ताणला जात नाही.

उरलेली बाटली घेऊन पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणीकडे गेले. तिने कंगव्यातले माझेच काळे केस दोन वाट्यांत ठेवले. पावडर एकच आणि मापही तेच, पावडरीच्या दुप्पट डेव्हलपर. एका वाटीत तिचा सीलबंद २० घातला, दुसरीत माझा सुटा. पंधरा मिनिटांनी तिच्या वाटीतले केस तांबूस नारिंगी होते, माझ्या वाटीतले पिवळे.

दुसऱ्या दिवशी मालक जेवायला गेलेला असताना दुकानात गेले. पोऱ्याने कॅन फिरवून दाखवला. त्यावर ४० छापलेलं होतं, म्हणजे १२ टक्के, दुप्पट कडक. मालक आल्यावर म्हणाला, "आमच्याकडून नेल्याचं काय प्रूफ?" ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करायचा विचार होता. पण हातात बिल नाही, बाटलीवर बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही.

तुम्ही सुटी बाटली आधीच आणली असेल तर ती डोक्याला लावू नका. आता कानामागे दोन बोटं रुंद पट्टा आहे. तिथले केस सांध्यावरच तुटलेत आणि वेणी घातली तरी खुंट बाहेर येतात.