माफीनाम्याचे तीन मसुदे: दिलगिरी किती, कबुली किती

समजा, एका जिल्ह्याच्या ठिकाणची दूध डेअरी आहे. मंगळवारी पहाटे पिशव्या घरोघरी पोचल्या आणि आठ वाजल्यापासून फोन सुरू झाले, की दुधाला साबणासारखा वास येतोय. दुपारपर्यंत अकरा जण उलट्या आणि पोटदुखीने दवाखान्यात गेले. रात्रपाळीत पाश्चरायझरच्या नळ्या कॉस्टिक सोड्याने धुतल्या होत्या. त्यानंतर साध्या पाण्याने नीट खळबळून घ्यायचं राहिलं असावं, असा संशय आहे. प्रयोगशाळेचा अहवाल चार दिवसांनी यायचा आहे. संध्याकाळी पाचला निवेदन द्यायचंय आणि मालकांपुढे तीन मसुदे आहेत.

पहिला: «काही तांत्रिक कारणांमुळे आमच्या दुधाच्या काही पिशव्यांबाबत तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.»

दुसरा: «आमच्या कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे सदोष आणि असुरक्षित दूध आपल्यापर्यंत पोचले. आमच्या सेवेत गंभीर त्रुटी राहिली. सर्वांच्या नुकसानीस आम्हीच जबाबदार आहोत.»

तिसरा: «मंगळवारी सकाळी आम्ही विकलेल्या दुधाला विचित्र वास येत होता. ते प्यायल्यानंतर अकरा जणांना त्रास झाला. त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची आम्ही माफी मागतो. मंगळवारची तारीख असलेल्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या वापरू नका. त्या आम्ही परत घेत आहोत आणि पूर्ण पैसे देत आहोत. ज्यांना त्रास झाला त्यांच्या उपचाराचा खर्च आम्ही आजपासून देत आहोत. हे कसे घडले ते तपासत आहोत. अहवाल आल्यावर तो जसाच्या तसा जाहीर करू.»

पहिला मसुदा वकिलांना सुरक्षित वाटतो, कारण त्यात काहीच कबूल केलेलं नाही. पण ज्या आईचं पोर सलाईनवर आहे तिच्या जागी बसून तो वाचा. उलटीला ‘गैरसोय’ म्हटलंय. ‘झाली असल्यास’ म्हणजे झाली की नाही, याचीच शंका. ‘तक्रारी प्राप्त झाल्या’ म्हणजे अडचण दुधात नसून तक्रारीत आहे. सगळ्यात वाईट म्हणजे, घरी फ्रीजमध्ये ठेवलेली पिशवी प्यायची की फेकायची, ते यातून कळतच नाही.

आणि कायद्याच्या दृष्टीनेही हा मसुदा समजतात तितका सुरक्षित नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवेतील त्रुटी’ची जी व्याख्या आहे, तिच्यात ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हेही येतं. कोणत्या पिशव्या ते माहीत असून ‘काही पिशव्या’ लिहिणं उद्या ग्राहक आयोगापुढे तुमच्याच विरुद्ध वाचलं जाऊ शकतं.

लोकांच्या रागाचा भाग वेगळाच. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या शिकागोहून लुइव्हिलला जाणाऱ्या विमानातून एका प्रवाशाला सुरक्षा कर्मचाऱ्यांनी ओढत बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली ती प्रवाशांची ‘दुसरीकडे सोय करावी लागल्याबद्दल’. माणूस रक्तबंबाळ झाल्याचा व्हिडिओ जगाने पाहिला होता. लगेच पुढच्या दिवशी त्यांना नवं निवेदन काढून पूर्ण जबाबदारी घ्यावी लागली आणि त्याच महिन्यात त्या प्रवाशाशी तडजोड झाली. जे शेवटी द्यायचंच होतं ते दिलं, पण आधीचं वाक्य मात्र लोकांच्या लक्षात राहिलं.

दुसरा मसुदा बहुतेकदा चांगल्या मनाचे मालक लिहितात. त्यांचं मन मला कळतं. तरीही त्यातले चार शब्द मी पहिल्याच वाचनात खोडतो. ‘त्रुटी’ हा ग्राहक कायद्यातला शब्द आहे. ‘सदोष’ म्हणताच उत्पादनाच्या दोषाची जबाबदारी येते. ‘असुरक्षित’ अन्नासाठी अन्न सुरक्षा कायद्यात तुरुंगवासापर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. ‘हलगर्जीपणा’ हा तर निष्कर्षच आहे, आणि तो काढायला अजून अहवालही आलेला नाही. रोजच्या बोलण्यातले साधे वाटणारे हे शब्द कायद्यात मात्र आरोपाचीच नावं आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार असं विधान ‘कबुली’ म्हणून पुढे येऊ शकतं. ती अंतिम पुरावा नसते, पण नंतर ‘आम्हाला तसं म्हणायचं नव्हतं’ हे पटवायचं ओझं तुमच्यावर येतं. आणि कदाचित चूक नळ्यांची नसून पिशवीच्या प्लास्टिकची निघाली, तर रात्रपाळीच्या माणसावर विनाकारण ठपका बसलेला असतो. हा अन्याय मला कंपनीच्या नुकसानीपेक्षा जास्त खटकतो.

नुसत्या ‘माफी’ शब्दाला मात्र घाबरायचं कारण नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्यातच लिहिलंय, की माफी मागणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा कबूल करणं नव्हे. आपल्याकडे असा सरसकट कायदा नाही, म्हणून शब्द जपून निवडावे लागतात. पण धोका ‘माफी’त नसून तिला जोडलेल्या कारणात असतो.

तिसऱ्या मसुद्यात हा फरक एका शब्दावर तोललेला आहे: ‘प्यायल्यानंतर’. तिथे ‘प्यायल्यामुळे’ लिहिलं असतं, तर कारण कबूल झालं असतं. ‘नंतर’ म्हणजे घडलेल्या गोष्टींचा क्रम. तो खरा आहे आणि कुणाला नाकारताही येत नाही. तसंच क्रियापदाचं. ‘चूक झाली’ यात कर्ताच नाही, म्हणून ते पळपुटं वाटतं. ‘आम्ही चूक केली’ ही कबुली. मधला ‘आमच्याकडून चूक झाली’ पुष्कळांना सोयीचा वाटतो, पण वाचणाऱ्याच्या आणि न्यायालयाच्या दृष्टीने तो कबुलीच. तिसऱ्या मसुद्याने चूक हा शब्दच टाळलाय आणि कर्ता मात्र महत्त्वाच्या वाक्यांत ठेवलाय: आम्ही विकलं, आम्ही माफी मागतो, आम्ही परत घेतो, आम्ही खर्च देतो. कर्ता ठळक असला की दोष न कबूल करताही माणूस समोर उभा राहिल्यासारखा वाटतो.

मी तिसराच निवडेन, पण छापण्याआधी दोन गोष्टी करून. एक म्हणजे विमा पॉलिसी काढून वाचायची. उत्पादन किंवा सार्वजनिक जबाबदारीच्या पॉलिसीत बहुधा अट असते, की विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही आणि पैसे देण्याचं वचनही द्यायचं नाही. उपचाराच्या खर्चाचं वाक्य त्या अटीत अडकू शकतं. म्हणून विमा कंपनीला फोन नव्हे, ईमेल करायचा. संमती पाचपर्यंत आली नाही, तर ‘खर्चाबाबत आम्ही आज रात्रीच प्रत्येक कुटुंबाशी बोलत आहोत’ असं लिहायचं आणि खरंच बोलायचं. दुसरं म्हणजे कॉस्टिकचा संशय निवेदनात नसला, तरी दवाखान्यातल्या डॉक्टरांना तो ताबडतोब, स्पष्ट शब्दांत कळवायचा. उपचार ठरवायला त्यांना तो लागतो, आणि तिथे शब्द तोलत बसायला वेळ नसतो.

दुसरा मसुदा फाडून टाकू नका. शनिवारी अहवालात कॉस्टिक निघालं, कोणत्या पायरीवर चुकलं ते कागदावर आलं आणि भरपाई द्यायची असं विमा कंपनीसह ठरलं, की मग कबुली निरर्थक राहत नाही. तेव्हा विशेषणं काढून त्यातलंच सांगायचं: «सोमवारी रात्री धुण्यानंतर नळ्यांत पाणी सोडायचे राहिले. ही चूक आमची.»